हॅश टेबलात नसलेली की शोधायलाच जास्त वेळ का लागतो?

प्रश्न: "पुस्तकात चेनिंग आणि ओपन ॲड्रेसिंग दोन्हींचा लुकअप O(1) लिहिलाय. मी सी मध्ये लिनिअर प्रोबिंगचं टेबल लिहिलं. असलेली की पटकन सापडते, पण टेबल भरत आलं आणि नसलेली की विचारली तर खूप वेळ जातो. माझ्या मित्राच्या चेनिंगवाल्या कोडमध्ये असं होत नाही. माझं काय चुकतंय?"

तुमच्या कोडमध्ये चूक असेलच असं नाही. O(1) च्या मागे एक अट असते: टेबल ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त भरू द्यायचं नाही. या अटीकडे दुर्लक्ष झालं तर एका कप्प्याच्या नोंदी साखळीत ठेवणारी चेनिंग थोडीफार मंदावते; कप्पा भरलेला असला तर पुढच्या कप्प्यात सरकणारी लिनिअर प्रोबिंग, म्हणजे ओपन ॲड्रेसिंगचा एक प्रकार, मात्र कोसळते. आणि सगळ्यात आधी कोसळतो तो नसलेल्या कीचा शोध. हे का होतं ते कागदावर दहा कप्प्यांचं टेबल मांडून बघू, म्हणजे सूत्र नंतर आपोआप पटेल.

कोणत्या कप्प्यात जायचं ते ठरवणारा हॅश म्हणून नंबरचा शेवटचा अंक घ्या, म्हणजे `k % 10`. याच क्रमाने सहा रोल नंबर टाका: ४२, ७३, १२, ३४, ५३, २५.

४२ कप्पा २ मध्ये बसतो, ७३ कप्पा ३ मध्ये. १२ लाही २ हवा आहे, पण २ आणि ३ भरलेले, म्हणून तो ४ मध्ये जातो. आता ३४ येतो. त्याचा हॅश ४, आणि तोपर्यंत ४ हॅश असलेला दुसरा कुणीच आलेला नाही. तरीही त्याची जागा १२ ने घेतलेली आहे, म्हणून तो ५ मध्ये. ५३ ला ३ हवा होता, तो सरकत सरकत ६ मध्ये पोचतो. २५ ला ५ हवा होता, तो ७ मध्ये.

आता २ ते ७ असा सहा भरलेल्या कप्प्यांचा सलग पट्टा तयार झाला. खऱ्या टकरी दोनच होत्या, ४२–१२ आणि ७३–५३. बाकीची सरकासरकी त्या दोघांनी ओढवून आणलेली. यालाच प्रायमरी क्लस्टरिंग म्हणतात. पुढचा नंबर २ ते ८ पैकी कोणत्याही अंकाने संपला, तर तो ८ मध्येच जाऊन बसणार. म्हणजे हा पट्टा पुढच्या बाजूला आणखी लांब होण्याची शक्यता दहात सात. पट्टा जितका लांब, तितका तो नव्या नोंदी जास्त ओढून घेतो.

आता ६२ विचारा. तो टेबलात नाही. कप्पा २ पासून निघाल्यावर पहिला रिकामा कप्पा ८ आहे, आणि रिकामा कप्पा दिसेपर्यंत "नाही" म्हणता येत नाही. सात कप्पे तपासावे लागले. असलेल्या सहा नंबरांचे प्रोब, म्हणजे तपासावे लागणारे कप्पे, मोजले तर १, १, ३, २, ४, ३, म्हणजे सरासरी साधारण २.३. असलेली की पट्ट्याच्या मध्येच कुठेतरी भेटते आणि तुम्ही थांबता. नसलेल्या कीसाठी पट्ट्याच्या टोकापर्यंत चालावंच लागतं.

तुमच्या मित्राच्या टेबलात हेच सहा नंबर टाका. कप्पा २ च्या साखळीत ४२ आणि १२, कप्पा ३ मध्ये ७३ आणि ५३, ४ मध्ये ३४, ५ मध्ये २५. तिथे ६२ विचारला तर दोन तुलना झाल्या आणि उत्तर मिळालं. दुसऱ्याच्या साखळीचा त्रास इथे कुणालाच होत नाही.

लिनिअर प्रोबिंगचं हे गणित डोनाल्ड नूथ यांनी १९६३ मध्ये मांडलं. हॅश नीट पसरलेला असेल आणि टेबल मोठं असेल, तर सरासरी प्रोब असे येतात:

```
α = n / m        (नोंदी भागिले कप्पे)

की असेल तर:   (1 + 1/(1-α)) / 2
की नसेल तर:   (1 + 1/(1-α)²) / 2
```

टेबल अर्धं भरलेलं असेल तर असलेल्या कीला १.५ प्रोब, नसलेल्या कीला २.५. पाऊण भरलं तर २.५ आणि ८.५. नव्वद टक्के भरलं तर असलेल्या कीला ५.५, आणि नसलेल्या कीला ५०.५. तुम्हाला जाणवलेला फरक तो हाच. दुसऱ्या सूत्रातला वर्ग कुठून आला हेही आता दिसेल: लांब पट्ट्यात जाऊन पडण्याची शक्यताही जास्त आणि पडल्यावर चालायचं अंतरही जास्त, दोन्ही एकत्र गुणले जातात. चेनिंगमध्ये नसलेल्या कीसाठी सरासरी फक्त α इतक्या नोंदी तपासाव्या लागतात. नव्वद टक्क्यांना ०.९. नोंदी कप्प्यांच्या दुप्पट झाल्या तरी दोनच.

मग सगळ्यांनी चेनिंगच का वापरू नये? कारण प्रोबची संख्या म्हणजे वेळ नव्हे. हल्लीच्या बहुतेक प्रोसेसरवर मेमरीतून एका वेळी ६४ बाइटची कॅश लाइन येते. की आठ बाइटच्या असतील आणि ॲरेत शेजारी शेजारी असतील, तर एका लाइनमध्ये आठ की येतात. म्हणून अर्ध्या भरलेल्या टेबलात अडीच प्रोब म्हणजे बहुतेकदा मेमरीकडे एकच फेरी, फार तर दोन. साखळीत मात्र आधी कप्प्यातला पॉइंटर वाचायचा, मग तो नेईल तिथे जायचं. प्रत्येक नोड `malloc` ने कुठेतरी वेगळीकडे ठेवलेला असतो, आणि तो कॅशमध्ये नसेल तर प्रत्येक नोडला एक नवी फेरी. टेबल कॅशमध्ये न मावण्याइतकं मोठं असेल तर अर्ध्या भरलेल्या लिनिअर प्रोबिंगपुढे चेनिंग सहसा मागे पडते, तुलना कमी करूनही. शिवाय प्रत्येक नोडमागे एका पॉइंटरची जागा जाते ती वेगळी.

पट्टा टाळण्यासाठी डबल हॅशिंगही करता येतं: दर वेळी एकेक कप्पा न सरकता दुसऱ्या हॅशने ठरलेली उडी मारायची. नव्वद टक्क्यांना नसलेल्या कीसाठी ५० ऐवजी सुमारे १० प्रोब. पण प्रत्येक उडी वेगळ्या कॅश लाइनवर पडते, त्यामुळे टेबल अर्धंच भरलेलं असेल तर मी त्या वाटेला जात नाही.

आता एक गोष्ट सांगतो, कारण तुम्ही पुढे डिलीट लिहाल तेव्हा ती हमखास आडवी येईल. वरच्या टेबलातून १२ काढा आणि कप्पा ४ सरळ रिकामा करा. मग ३४ शोधा. त्याचा हॅश ४, कप्पा ४ रिकामा, उत्तर "नाही". ३४ तर शेजारच्या ५ मध्ये बसलेला आहे! म्हणून काढलेल्या जागी रिकामा नव्हे, तर "इथे कुणीतरी होतं" अशी खूण ठेवतात, तिला टूम्बस्टोन म्हणतात. शोध त्या खुणेवर थांबत नाही:

```c
long find(uint64_t key) {
    size_t i = hash(key) % M;
    while (state[i] != EMPTY) {
        if (state[i] == FULL && keys[i] == key)
            return (long)i;
        i = (i + 1) % M;
    }
    return -1;
}
```

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत लॉगिन टोकन ठेवणारं असं एक टेबल मी लिहिलं होतं. टोकन येत, थोड्या वेळाने संपत, काढले जात. टेबल कधीही पाव भागाच्या वर भरलेलं नसे, तरी दोन-तीन दिवसांनी चुकीच्या टोकनची तपासणी मंदावत जाई. सर्व्हिस रीस्टार्ट केली तर पुन्हा दोन-तीन दिवस सगळं सुरळीत. मी आधी हॅश फंक्शनवर संशय घेतला आणि त्यात बराच वेळ घालवला. मग प्रत्येक शोधाला किती प्रोब लागले ते मोजून छापलं, तेव्हा कळलं: असलेल्या टोकनला दोन-चार, नसलेल्याला शेकड्यांत.

टूम्बस्टोनच्या योजनेत रिकामा कप्पा एकदा वापरला गेला तर तो पुन्हा कधीच रिकामा होत नाही. आज भरलेला, उद्या टूम्बस्टोन, परवा पुन्हा भरलेला, पण रिकामा नाही. नवी नोंद जुन्या टूम्बस्टोनवर बसवली तरी रिकाम्या कप्प्यांची संख्या कमीच होत जाते. आणि नसलेल्या कीचा शोध थांबतो तो फक्त रिकाम्या कप्प्यावर. म्हणजे त्या शोधासाठी खरा α हा जिवंत नोंदी अधिक टूम्बस्टोन, भागिले कप्पे. माझं टेबल वाढवण्याची अट फक्त जिवंत नोंदी मोजत होती, म्हणून ती कधी लागूच झाली नाही. शेवटचा रिकामा कप्पाही संपला असता तर वरचं `while` कधी थांबलंच नसतं.

दुरुस्ती दोन प्रकारे होते. एक म्हणजे दोन्हींची बेरीज मोजायची आणि ती मर्यादेपलीकडे गेली तर त्याच आकाराच्या नव्या टेबलात फक्त जिवंत नोंदी पुन्हा टाकायच्या. दुसरी मला जास्त आवडते: टूम्बस्टोन ठेवायचाच नाही, मागच्यांना पुढे आणायचं. १२ काढल्यावर कप्पा ४ मोकळा झाला. ५ मधल्या ३४ चं घर ४, तो ४ मध्ये येतो. ६ मधल्या ५३ चं घर ३, तो ५ मध्ये. ७ मधल्या २५ चं घर ५, तो ६ मध्ये. कप्पा ८ रिकामा दिसला, थांबायचं. ७ आता खरोखर रिकामा झाला आणि पट्टा एकाने आखूड झाला. एकच सांभाळायचं: कुणालाही त्याच्या घराच्या मागे न्यायचं नाही. जो स्वतःच्या घरीच बसलाय त्याला हलवायचं नाही, पण त्याच्यापुढच्यांची तपासणी रिकामा कप्पा येईपर्यंत चालू ठेवायची. हे फक्त लिनिअर प्रोबिंगलाच सहज जमतं.

रोजच्या भाषांमध्ये दोन्ही पद्धती आहेत. जावाचा `HashMap` चेनिंग वापरतो आणि नोंदी कप्प्यांच्या ०.७५ पटीच्या वर गेल्या तर टेबल दुप्पट करतो. जावा ८ पासून एखाद्या कप्प्यात आठाहून जास्त नोंदी जमू लागल्या आणि टेबल किमान ६४ कप्प्यांचं असलं, तर साखळीचं रेड-ब्लॅक ट्री होतं, त्यामुळे हॅश वाईट निघाला तरी शोध सहसा फारसा लांबत नाही. पायथनचा `dict` ओपन ॲड्रेसिंगचा आहे, पण तो एकेक कप्पा सरकत नाही, हॅशचे वरचे बिट मिसळून पुढचा कप्पा ठरवतो, आणि टेबल दोन-तृतीयांशाच्या वर भरू देत नाही.

तुमच्या कोडमध्ये आधी `find` च्या लूपमध्ये एक काउंटर ठेवा आणि असलेल्या व नसलेल्या कीची सरासरी वेगवेगळी छापा. α बरोबर ती वरच्या सूत्राजवळ आली तर कोड ठीक आहे, फक्त टेबल अर्धं भरलं तेव्हाच दुप्पट करा. अर्धं भरलेलं असतानाही २.५ ऐवजी वीस-पंचवीस प्रोब दिसले, तर हॅश नीट पसरत नाहीये: कप्पे १०२४ आणि सगळ्या की ६४ च्या पटीत असतील, तर `k % 1024` फक्त १६ कप्प्यांकडे बोट दाखवतो. अशा वेळी मोड घेण्याआधी कीचे बिट मिसळा आणि पुन्हा मोजा.