तापी खोऱ्याचा धडा कानांसाठी लिहिताना

भाऊ, प्रवासात ऐकायला तू स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करणार आहेस ते तापी नदीचं टिपण वाचायला छान आहे, पण अमळनेर-जळगाव गाडीच्या खडखडाटात ते ऐकून डोक्यात राहणार नाही. 'डावीकडील उपनद्या: पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा' ही ओळ कानाला नुसती यादी वाटते. ती प्रवासासारखी लिही:

"तापी मुलताईहून निघाली, पश्चिमेकडे चालली. चांगदेवला डावीकडून कोण भेटलं? ... पूर्णा. पुढे वाघूर, मग गिरणा. गिरणेनंतर कोण? ... बोरी. मग पांझरा."

टिंबांच्या जागी तीन-चार सेकंद खरंच गप्प राहा. तेवढ्यात मनात उत्तर यायला हवं. मी सुरुवातीला एकच सेकंद सोडायचो, मग आठवण्याआधीच उत्तर कानावर पडायचं आणि सगळं येतंय असं उगाच वाटायचं.

आकडा गोंगाटात हमखास निसटतो. म्हणून "लांबी 724 किलोमीटर, सात, दोन, चार" असं दोनदा म्हण. 'वरील नकाशात' सारखे शब्द काढून टाक, कानाला 'वरील' दिसत नाही.

साधारण दीड पान मजकूर थांबे धरून चारेक मिनिटं चालतो. त्याहून लांब झालं तर दोन तुकडे कर. बोरी दोनदा चुकली, तर घरी नकाशावर बोट ठेवूनच बघ. ते काम ऐकून होत नाही.