आप्पांना काय लिहायचं, हे विचारलंस म्हणून

चि. बाळा, अनेक आशीर्वाद.

तुझा मजकूर दोनदा वाचला. ‘मृतात्म्यास शांती लाभो, ईश्वर आपणास बळ देवो.’ यात माई कुठे आहेत रे? नाव बदललं की हाच कागद कुणालाही चालेल. 52 वर्षांचा संसार होता तो, आणि तू त्यांच्या ओट्यावर अभ्यास करून मोठा झालास. एक सवय लिही. त्या दोघांची, तुझ्या डोळ्यांदेखतची.

हिवाळ्यात त्यांच्या अंगणात भरीत व्हायचं, आठवतं? पऱ्हाट्यांचा जाळ आप्पांकडे, वांगी ठेचायची बडजी माईंकडे. आप्पा वांगं काढून द्यायचे, माई देठाशी बोट दाबून ‘कच्चं आहे’ म्हणत परत करायच्या. दर वेळी. पहिलं वांगं आप्पा मुद्दाम लवकर काढायचे, असा मला संशय आहे. ‘माईंनी परत केलेलं वांगं आठवतं’ एवढंच लिही. पुढे ‘सुटल्या बिचाऱ्या’, ‘वय झालंच होतं’ असलं काही जोडू नकोस. वाचून रडतील म्हणून घाबरतोस? रडू देत.

आणि ‘काही लागलं तर सांगा’ हे आधी खोड! आप्पांना काय लागतं ते माईंनाच ठाऊक होतं. रक्तदाबाची गोळी त्या ताटात, वरणाच्या वाटीशेजारी ठेवायच्या. गंधमुक्तीपर्यंत दारावर येणाऱ्यांची रीघ असते, ताट कुणीतरी वाढतं. मुलं कामावर परतली की मग जा. ‘जेवलात का’ विचारलंस तर ‘जेवलो’च म्हणतील, पातेलं बघ. गोळ्यांची पट्टी मोज, तारखेच्या मानाने जास्त उरल्यात का ते. माईंची कपबशी मात्र जागची हलवू नकोस.

मी हे शिकवतोय खरा. मामी गेल्या तेव्हा मामांना मीही छापील कार्डच पाठवलं होतं. कापूस वेचणीचे दिवस होते, मजूर मिळत नव्हते; खरंच मिळत नव्हते. पण गाव दोन तासांवरच होतं. मामी रोज सकाळी मामांचा चष्मा पदराने पुसून त्यांच्या हातात द्यायच्या. मला हे माहीत होतं, आणि मी ते लिहिलं नाही. थेट आखाजीला गेलो. मामा म्हणाले, ‘आताशा दिसत नाही रे.’ मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. नंबर तोच निघाला. काचा मळल्या होत्या.

म्हणून पुन्हा सांगतो, एक सवय. पानभर नको.

येत्या आखाजीला आप्पा माईंची घागर भरतील. घागरीवर ठेवायचं डांगर तू घेऊन जा, सकाळीच. आणि पत्र मोठ्या अक्षरात काढ. आलेली पत्रं त्यांना माईच वाचून दाखवायच्या.

तुझा,
काका