ड्राय-फिटचा वास, गुडघ्यावरचा फुगा आणि कापडाची निवड

प्रश्न: ठाण्यात राहते. आठवड्यातून तीन दिवस जिम, दोन दिवस योगवर्ग. सुती टी-शर्ट घामाने चिंब होऊन अंगाला चिकटतो. पॉलिएस्टरचे ड्राय-फिट घेतले, तर धुऊन वाळल्यावर वास नसतो, पण घालून दहा मिनिटं झाली की परत येतो. सुती लेगिंग्जला गुडघ्यावर फुगा येतो. नेमकं कुठलं कापड घ्यावं?

उत्तर:

जिमला आणि योगाला एकच कापड शोधू नका. जिममध्ये घाम धारांनी येतो. योगवर्गात तो बेताचा असतो, पण कापड सारखं ताणलं जातं आणि वाकताना, उलटं होताना जागेवर राहावं लागतं. दोन्हीकडे कापडाकडून मागणी वेगळी आहे.

सुती धागा पाणी स्वतःच्या आत ओढून घेतो. अगदी कोरड्या वाटणाऱ्या सुती कापडातसुद्धा हवेतून घेतलेला ओलावा वजनाच्या 8 टक्क्यांच्या आसपास असतो. नायलॉनमध्ये तो साधारण 4 टक्के, तर पॉलिएस्टरमध्ये अर्ध्या टक्क्याहूनही कमी. म्हणून भरपूर घाम आला की सुती टी-शर्ट तो पिऊन जड होतो आणि लवकर सोडत नाही. पॉलिएस्टरचा तंतू मात्र पाणी पीत नाही. दिव्याच्या वातीत तेल चढतं तसा घाम तंतूंच्या मधल्या बारीक फटींतून कापडाच्या बाहेरच्या बाजूला जातो, तिथे पसरतो आणि वाळतो.

पण हे प्रत्येक पॉलिएस्टरला जमत नाही. फटी पुरेशा बारीक हव्यात आणि तंतूच्या पृष्ठभागाला पाणी धरता यायला हवं. काही कंपन्या त्यासाठी कापडावर रासायनिक लेप देतात, तो धुण्यागणिक कमी होत जातो. काही तंतूलाच लांबीभर पन्हाळीसारख्या खाचा ठेवतात, त्या धुऊन जात नाहीत. लेबलवरून हा फरक कळत नाही, पाण्याच्या थेंबावरून कळतो. टी-शर्ट उलटा करून आतल्या बाजूला एक थेंब टाका. तो दोन-तीन सेकंदांत पसरून दिसेनासा झाला तर कापड कामाचं. मोत्यासारखा बसून राहिला तर घामही तसाच अंगावर राहणार. नवीन कापडावर मऊपणासाठी दिलेला थर असू शकतो, म्हणून एकदा धुऊन मग ही परीक्षा करा.

याला एक मर्यादा आहे, आणि ती ठाण्यात जास्त जाणवते. घाम बाहेर आला तरी हवेने तो घ्यायला हवा. जुलैत हवाच ओलाव्याने भरलेली असते, तेव्हा उत्तम ड्राय-फिटही ओला राहतो. अशा दिवसांत अंगाला घट्ट बसणाऱ्या टी-शर्टपेक्षा किंचित सैल, पातळ आणि पाठीवर जाळी असलेला जास्त सुखाचा. कापडाचं वजन जीएसएममध्ये, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम असं, लिहिलेलं असेल तर वरच्या कपड्यासाठी 120 ते 150 जीएसएम पुरे.

आता वास. तुम्ही सांगितलेली खूण फार महत्त्वाची आहे. धुतलेला कपडा कपाटातच कुबट येत असेल, तर तो सावकाश वाळल्याचा वास. वाळल्यावर काही नाही आणि अंगाच्या उबेने वर येतो, म्हणजे कापडात अंगाचं तेल साठलंय. नुसत्या घामाला जवळजवळ वास नसतो. त्यातल्या आणि त्वचेवरच्या स्निग्ध पदार्थांवर जिवाणू काम करतात, तेव्हा तो तयार होतो. पॉलिएस्टर पाण्याला दूर ठेवतं, पण तेलाला घट्ट धरतं, त्यामुळे थंड पाण्याच्या घाईच्या धुण्यात काखेतला थर निघत नाही. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात व्यायामानंतरचे टी-शर्ट तपासले होते. सुतीपेक्षा पॉलिएस्टरचे जास्त उग्र वासाचे निघाले, आणि वास तयार करणारे मायक्रोकोकस जिवाणू पॉलिएस्टरवर चांगले वाढलेले आढळले.

म्हणूनच ‘अँटी-ओडर’ लिहिलेल्या कपड्याला जास्त पैसे मोजायला मी सांगत नाही. चांदीचा किंवा तसला लेप जिवाणूंना रोखतो, पण साठलेलं तेल काढत नाही, आणि वरून दिलेला लेप धुऊन झिजतो. मेरिनो लोकरीला खरोखरच वास कमी धरतो, पण ती महाग आहे आणि आपल्या हवेत रोजच्या जिमसाठी मी ती सुचवणार नाही.

त्यामुळे नवीन काही घेण्याआधी आहेत ते टी-शर्ट सुधारून पाहा. ते उलटे करा, म्हणजे तेलाची बाजू वर येईल. कोमट, साधारण 40 अंशांच्या पाण्यात एन्झाइम असलेली डिटर्जंट पावडर आणि ऑक्सिजनवालं ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट, पाकिटावरच्या प्रमाणात घालून तासभर भिजवा. मग नेहमीसारखे धुऊन भरपूर पाण्यात खळबळून काढा. क्लोरीनचं ब्लीच वापरू नका, त्याने ताणाचे धागे खराब होतात. फॅब्रिक कंडिशनरही नको. तो तंतूंवर थर चढवतो, घाम वाहणाऱ्या फटी बुजवतो आणि तेलाला आणखी धरून ठेवतो. पुढे जिममधून आल्यावर टी-शर्ट बॅगेत राहू देऊ नका. लगेच मशीन लावायची नसेल तर साध्या पाण्यातून पिळून वाळत टाका.

लेगिंग्जचा फुगा हा इलास्टेनचा प्रश्न आहे. लायक्रा आणि स्पॅन्डेक्स ही त्याचीच नावं. कापड ताणलं जाणं सोपं आहे, मूळ मापावर परत येणं अवघड. 95 टक्के कॉटन आणि 5 टक्के इलास्टेनचं कापड ओलं होऊन गुडघ्यावर वारंवार ताणलं गेलं की सुती धागा लांबलेलाच राहतो, आणि एवढ्याशा इलास्टेनला तो मागे खेचता येत नाही. जिमसाठी 75 ते 80 टक्के नायलॉन आणि 20 ते 25 टक्के इलास्टेन बघा. पॉलिएस्टर-इलास्टेन स्वस्त पडतं आणि लवकर वाळतं, पण नायलॉन अंगाला मऊ लागतं आणि घासण्याला जास्त टिकतं. तपासताना कापडाचा 10 सेंटिमीटरचा भाग आडवा 15 पर्यंत ताणून दहा सेकंद धरा आणि सोडा. लगेच 10 वर आला, सुरकुती राहिली नाही, तर ठीक. मग ट्रायल रूममध्ये दिव्याखाली पूर्ण खाली बसून मागे आरपार दिसतं का तेही पाहा. 220 जीएसएमच्या खाली सहसा दिसतं. उष्णतेने इलास्टेन मरतं, म्हणून गरम पाणी, ड्रायर, इस्त्री आणि कडक ऊन टाळा.

तुमच्या जागी मी असं करेन: जिमसाठी थेंबाच्या परीक्षेत पास झालेले दोन पातळ पॉलिएस्टर टी-शर्ट आणि एक नायलॉनची लेगिंग. योगवर्गात घाम कमी असल्याने सुती चालतं, उलट वास कमी धरतं, म्हणून तिथे 95-5 चाच टी-शर्ट, पण कमरेजवळ अंगाला बसणारा. सैल टी-शर्ट सर्वांगासनात गळ्याशी येतो. खाली तीच नायलॉनची लेगिंग चालेल. गुडघ्यावर फुगलेल्या सुती लेगिंग्ज घरात घाला, त्या परत आवळणार नाहीत. आणि जुन्या ड्राय-फिटचा वास दोनदा भिजवूनही परत आला, तर त्यावर आणखी पावडर वाया घालवू नका, ते टी-शर्ट पुसायला घ्या.