कथेतल्या पणजीला चुकू द्या

*ताई, गेल्या मे महिन्यात माझी ८८ वर्षांची आजी आणि १० वर्षांचा मुलगा कुडाळहून दादरला मांडवी एक्स्प्रेसने आले. आजीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. मी समोरच्या बाकावर होते. दोघं दिवसभर बोलत होती, त्यावर मी कथा लिहिली. मुलाने वाचली आणि रुसला. म्हणतो, "पणजीला सगळं कळतं आणि मी मठ्ठ. मी असं बोललोच नव्हतो." आईचं वेगळंच. आजीने शेजारच्या बाईंना गाव विचारलं, मग आडनाव विचारलं आणि त्यानंतर त्यांनी दिलेला लाडू घेतला नाही. तेवढं काढ म्हणते. बोगद्यात आजी रामदास बोटीबद्दल काही पुटपुटली, ते एका ओळीत आलंय. कथा फाडून टाकू का? — एक आई, ठाणे*

फाडू नका. तुमचा मुलगा रागावला असला तरी बरोबर बोलतोय. कथा सोबत पाठवलीत म्हणून सांगते: त्यात तो टॅबमध्ये डोकं घालून बसतो, पणजी खिडकीबाहेर बघून शहाणपण सांगते आणि शेवटी तो टॅब बंद करतो. यात देवाणघेवाण कुठे झाली? पणजीने दिलं, पोराने घेतलं. दहा वर्षांच्या मुलाला जगाबद्दल ठाम मतं असतात. ती कथेत यायला हवीत, आणि एखाद्या ठिकाणी त्याचंच बरोबर ठरायला हवं.

ती जागा तुमच्याकडे आहे. लाडूची. आईला वाटतं, घरातल्या माणसाची अब्रू जाईल. मला विचाराल तर कथेतला सगळ्यात खरा प्रसंग तोच आहे. आजीच्या जगात माणूस म्हणजे गाव आणि आडनाव; ते कळल्याशिवाय बोलणं सुरूच होत नाही. याच सवयीमुळे ती अनोळखी बाईशी दोन मिनिटांत घरच्यासारखी बोलू लागते आणि याच सवयीमुळे लाडू परत करते. दोन्ही दाखवा. मुलाने तेव्हा "का नाही घेतलास?" असं विचारलं असेलच. आजीकडे उत्तर नसेल तर कथेतही देऊ नका.

आता बोगदा. रत्नागिरी सोडल्यावर करबुड्याचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटरचा. गाडी बऱ्या वेगात असली तरी पाचेक मिनिटं अंधार. खिडकी गेली, नेटवर्क गेलं, आवाज एवढा की एकमेकांच्या कानाशी बोलावं लागतं. लेखकाला याहून सोयीची जागा कुठली मिळणार? आणि तुम्ही ती एका ओळीत उरकलीत!

हिशेब करा. रामदास बोट १७ जुलै १९४७ला, आषाढ अमावास्येला, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. तुमची आजी तेव्हा दहा वर्षांची होती, म्हणजे आज शेजारी बसलेल्या पोराएवढीच. पुढे कोकणातून मुंबईला यायचं तर तिच्या पिढीला तरुणपणी मुख्यतः बोटच होती: पडावातून खोल पाण्यातल्या बोटीपर्यंत जायचं, पावसाळ्यात तेही बंद. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ साली, तेव्हा ती साठी ओलांडलेली होती. प्रवासाला निघालेला माणूस पोचतोच, हे मुलाने गृहीत धरलंय. आजीने कधीच धरलं नाही. दोघांच्या जगातला फरक हा आहे. टॅब आणि खिडकी हा नव्हे.

म्हणून कथा कुडाळपासून सुरू करू नका. आधीचं कणकवली, राजापूर सगळं गाळा, लाडू रत्नागिरी स्टेशनवर आणा आणि मग बोगद्यात शिरा. तिथे मुलाला सांगू द्या की असे लांब बोगदे दोन्ही टोकांकडून खणत आणतात. पणजीला विचारू द्या, "मग मधे गाठ कशी पडली?" त्याला येत असेल तेवढं तो सांगेल. रामदासची गोष्ट तिने सांगावी, पण तिच्यावर त्याने प्रश्न विचारावेत: बोटीत माणसं मोजून का नाही घेतली? लाइफ जॅकेट नव्हती का? हे प्रश्न तिला कधी कुणी विचारले नसतील. उजेड आला की थांबा, दादरपर्यंत जाऊ नका.

लिहायच्या आधी मुलाला कागद द्या आणि पणजीशी काय काय बोलला होतास ते लिही म्हणा. तुम्ही समोरच्या बाकावर होतात, गाडीच्या आवाजात निम्मं तरी निसटलं असणार. त्याची वाक्यं त्याच्याच शब्दांत घ्या, व्याकरण सुधारू नका. त्याचा रुसवाही त्यातच जाईल असं मला वाटतं.

आईशी वाद घालत बसू नका. लाडूबद्दल हरकत घ्यायचा हक्क आजीचा आहे. ऑपरेशननंतर बारीक अक्षर वाचायला त्रास होत असेल तर मोठ्याने वाचून दाखवा, लाडूचा भाग न गाळता. ती नको म्हणाली तर गाव, आडनाव आणि नातं बदला, प्रसंग ठेवा. तरीही नको म्हणाली तर कथा छापायला पाठवू नका, घरात ठेवा. मात्र आईच्या सांगण्यावरून तिच्या वतीने आधीच कात्री लावू नका.