प्रेतं मोजून खटला उभा राहत नाही

तू नवीन आहेस, म्हणून सांगतो: मानवतेविरुद्धच्या गुन्ह्याचा खटला वाचताना अत्याचारांच्या वर्णनात अडकू नकोस. नागरिकांवर व्यापक किंवा पद्धतशीर हल्ला झाला, हे बहुतेकदा सिद्ध करता येतं. खरी अडचण पुढे असते. तो हल्ला आणि वरचा माणूस यांना जोडणारा पुरावा कुठून आणायचा?

केनियाचे उहुरू केन्याटा यांचा खटला आधी वाच. 2007 च्या निवडणुकीनंतर हजारावर माणसं मेली. नाकुरू, नैवाशात टोळ्यांनी घरात शिरून माणसं मारली. 2012 मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने केन्याटांवर आरोप निश्चित केले, 2013 मध्ये आरोपीच राष्ट्राध्यक्ष झाला. टोळ्यांना पैसा आणि आदेश कुणी दिले, हे दाखवायला फोनच्या नोंदी आणि बँकेचे व्यवहार हवे होते. ते मागायचे कुणाकडे? त्याच्याच सरकारकडे! न्यायालयाकडे स्वतःचे पोलीस नाहीत, झडती घेता येत नाही. नोंदी पुरेशा आल्याच नाहीत. एका मुख्य साक्षीदाराने तर महत्त्वाच्या बैठकीला आपण हजर नव्हतो, असं कबूल केलं. डिसेंबर 2014 मध्ये अभियोक्त्यांनी आरोप मागे घेतले. लक्षात ठेव, ही निर्दोष सुटका नव्हे. पुरावा मिळाला तर खटला पुन्हा भरता येतो.