खोडलेल्या पेन्सिलीच्या खुणा

"ताई, मुलाखतीसाठी वीस प्रश्न काढलेत. पण मुलं ‘आधी अवघड गेलं, आता जमतंय’ एवढंच सांगतात. मराठीतून इंग्रजी माध्यमात आलेल्यांना बोलतं कसं करायचं?"

एम.एड.च्या प्रबंधासाठी मुलाखती घेणारे शिक्षक दरवर्षी हे विचारतात, तेव्हा मला आठवीतली एक मुलगी आठवते. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) सातवीपर्यंत मराठी शाळा, मग एकदम इंग्रजी माध्यम. गणित घसरलं, घरी बोलणं तुटलं, म्हणून आई तिला माझ्याकडे समुपदेशनासाठी घेऊन आली होती.

दोन भेटी "कसं वाटतं?" आणि "ठीक" यातच गेल्या. तिसऱ्या भेटीत मी वाटणं सोडून दिलं आणि कालचा दिवस धरला.

"काल गणिताच्या तासाला कुठे बसली होतीस?"

"तिसऱ्या बाकावर. खिडकीकडे."

"बाईंनी फळ्यावर पहिलं काय लिहिलं?"

"आयसोसेलिस ट्रँगल."

"मग तू काय केलंस?"

"उतरवून घेतलं."

वही बघू का, असं विचारलं. तिने दप्तरातून काढून दिली. अक्षर सुरेख, पण समासात जागोजागी राखाडी डाग होते. पेन्सिलीने लिहून खोडलेलं. एका डागावर बोट ठेवून विचारलं, "इथे काय होतं?" ती गप्प. मीही गप्प राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाली, "समद्विभुज."

"खोडलंस का?"

"वही तपासायला जाते ना."

मग तिने न अडखळता सांगितलं: दोन बाजू सारख्या, म्हणून त्यांच्यासमोरचे कोनही सारखे. त्रिकोण तिला पक्का येत होता. ‘सम-द्वि-भुज’ या नावातच व्याख्या आहे. ‘आयसोसेलिस’मध्ये तिला धरायला काहीच सापडत नव्हतं. रोज ती आधी मराठीत अर्थ लावायची, मग तो लपवायची, आणि या दुहेरी कामात फळ्यावरची पुढची ओळ निसटायची. तिचं गणित कच्चं नाही, हे मला त्या डागांनी सांगितलं.

माझा कल मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्याकडे आहे: माणसाला त्याच्या जागी जाऊन ऐकावं. पण किशोरवयीन मुलाची ‘जागा’ भावनांच्या नावांत सापडत नाही. ती बाकावर, वहीत, कालच्या तासात सापडते. म्हणून प्रश्नावलीतला "अडचणी येतात का?" आधी वगळा. त्याचं उत्तर हो किंवा नाही, आणि अनोळखी मोठ्या माणसासमोर बहुधा नाहीच. त्याऐवजी, "काल विज्ञानाचा तास सुरू झाल्यापासून काय काय झालं ते सांग," असं म्हणा. मग, "कुठल्या क्षणी समजेनासं झालं? तेव्हा तू काय केलंस?" त्यानंतर वही. वही दाखवायची की नाही, हे मात्र मुलानेच ठरवायचं.

एक प्रश्न जोडीने ठेवा: कालच शिकवलेली एखादी गोष्ट आधी इंग्रजीत सांगायला लावा, मग मराठीत. मराठीत नीट सांगितली तर अडसर भाषेचा. दोन्हीकडे अडखळलं तर बहुधा धडाच समजलेला नाही. हे वेगळं केलं नाही तर अभ्यासाचा निष्कर्षच चुकेल. मित्रांशी फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्या मुलालाही हा प्रश्न विचारा. गप्पांची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांतला हा फरक कॅनडातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडला. त्यांच्या नंतरच्या अभ्यासानुसार पहिली साधारण दोन वर्षांत येते, दुसरीला पाच ते सात वर्षं लागतात. आठवीत आलेल्या मुलाची दहावी त्याआधीच येते.

मुलाखत मुलाच्या घरच्या बोलीत सुरू करा. ती अहिराणी किंवा मालवणी असेल तर प्रमाण मराठीही त्याला परकी वाटू शकते. तो कुठल्या शब्दाला भाषा बदलतो ते टिपून ठेवा. मुख्याध्यापकांच्या खोलीत बसू नका. पालकांनी सही दिली तरी मुलाला वेगळं विचारा, आणि याचा गुणांशी संबंध नाही हे सुरुवातीलाच सांगा. ध्वनिमुद्रण ऐकताना तुमचाच आवाज जास्त येत असेल, किंवा उत्तरं निबंधासारखी गुळगुळीत असतील, तर ती मुलाखत फसली असं धरा. मुलाखतीत शिकवूही नका. एकदा त्रिकोण समजावलात की मूल तुम्हाला शिक्षक समजून उत्तरं देईल. रडू आलं तर प्रश्न थांबवा आणि शाळेच्या समुपदेशकांपर्यंत त्याला पोचवा.

वर्गात टिकलेल्यांनाच विचारलंत तर चित्र खोटं येईल. मराठी शाळेत परतलेली किंवा शाळा सोडलेली दोन-तीन मुलं शोधाच.

शेवटी मी एक प्रश्न ठेवते: "जूनमध्ये मराठी शाळेतून नवीन मूल येईल, त्याला काय सांगशील?" या मुलीने लगेच सांगितलं, "सातवीची मराठी पुस्तकं रद्दीत देऊ नकोस म्हणावं. मला लागली, तेव्हा घरात नव्हती." तेव्हापासून जुन्या पुस्तकांचं काय झालं, हा प्रश्न मी प्रत्येक प्रश्नावलीत घालायला लावते.