सिगारेटच्या धुराबद्दल कमिटीला पत्र कसं लिहायचं

प्रश्न: खालच्या मजल्यावरून सिगारेटचा धूर रोज आमच्या गॅलरीत आणि बेडरूममध्ये येतो. घरात लहान मूल आहे. तोंडी सांगून झालं, उपयोग नाही. सोसायटीच्या कमिटीला पत्र द्यायचंय, काय लिहू? फॉरमॅट असेल तर द्या.

उत्तर:

मी आमच्या सोसायटीत काही वर्षं सेक्रेटरी होते (ठाण्यात, जुनी सात मजली बिल्डिंग), त्यामुळे अशी पत्रं टेबलाच्या पलीकडच्या बाजूने वाचलीयेत. पहिली गोष्ट, "सोसायटीत धूम्रपानावर बंदी घाला" असं लिहू नका. स्वतःच्या फ्लॅटमध्ये कोणी काय ओढावं हे ठरवायचा अधिकार कमिटीला नाहीच, मग होतं काय की ते पत्र मीटिंगमध्ये वाचलं जातं, एखादा सदस्य हसतो, मिनिट्समध्ये "संबंधितांना समज द्यावी" एवढी एक ओळ पडते आणि गाडी पाण्याच्या टाकीच्या विषयावर जाते. कमिटीला जे करता येतं तेच मागा, म्हणजे त्यांना "आमच्या हातात नाही" म्हणून सुटता येणार नाही.

आता त्यांच्या हातात काय आहे? दोन गोष्टी. एक म्हणजे उपविधी. महाराष्ट्रातल्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमध्ये स्पष्ट लिहिलंय की इतर सदस्यांना उपद्रव, त्रास किंवा गैरसोय होईल असं काही सदस्याने आपल्या सदनिकेत करू नये, आणि दुसऱ्यालाही करू देऊ नये. आमच्या छापील पुस्तकात ते ४८ (अ) आहे, जुन्या आवृत्तीत नंबर वेगळा आहे, म्हणून तुमच्या सोसायटीचं पुस्तक उघडून मगच नंबर टाका. यात सिगारेट हा शब्द कुठे नाही पण "त्रास" आहे आणि आपल्याला तेवढाच लागतो. दुसरी गोष्ट कॉमन एरिया. २००३ चा सिगारेट आणि तंबाखूचा कायदा आहे त्यात सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी आहे, दंड २०० रुपयांपर्यंत, आणि २ ऑक्टोबर २००८ पासून त्याचे नियम लागू आहेत. जिथे लोकांना प्रवेश आहे ती सार्वजनिक जागा, अशी त्याची व्याख्या आहे, मग जिन्यात नि लिफ्टसमोर दूधवाला, कुरिअरवाला, पाहुणे सगळेच येतात, म्हणून तिथे हा मुद्दा जोरात मांडता येतो. शेजाऱ्याच्या स्वतःच्या गॅलरीला मात्र हा कायदा लावता येत नाही, पत्रात तसं लिहाल तर कमिटीतला कोणीतरी वकील काका लगेच पकडेल आणि बाकीचं पत्रही हलकं होईल.

पत्राआधी एक काम करा, धूर नक्की कुठून येतो ते बघा. हसू नका, आमच्याकडे नेमका इथेच घोळ झाला होता. तिसऱ्या मजल्यावरच्या एका ताईंनी थेट दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचं नाव घालून तक्रार दिली, कारण ते गॅलरीत ओढताना दिसायचे. काका भयंकर चिडले, म्हणाले रात्री जेवणानंतर मी खाली टपरीवरच जातो, विचारा वॉचमनला. वॉचमननेही तेच सांगितलं! मग मी ताईंना म्हटलं, काही दिवस वहीत लिहून ठेवा, तारीख, वेळ, कोणत्या खोलीत वास आला, खिडकी उघडी होती की बंद, किचनची चिमणी चालू होती का. वही पाहिल्यावर कळलं की वास हॉलमध्ये आणि गॅलरीत जवळजवळ येतच नव्हता, यायचा तो बाथरूममध्ये आणि त्याला लागून असलेल्या पॅसेजमध्ये, रात्री साडेदहानंतर, आणि एसीसाठी खिडक्या लावून चिमणी चालू असली की जास्तच.

याचं कारण साधं आहे. चिमणी किंवा एक्झॉस्ट घरातली हवा बाहेर फेकतो, खिडक्या बंद असतील तर तेवढीच हवा कुठून तरी आत यायला बघते, आणि तिला सगळ्यात सोपी वाट मिळते ती बाथरूमची लूव्हरची खिडकी आणि पाइपांभोवतीच्या फटी. त्या उघडतात डक्टमध्ये, आणि डक्टमध्ये खालून कोणी ओढत असेल तर गरम धूर वर चढतो आणि वरच्या घरांत शिरतो. आम्ही खिडक्या लावून चिमणी चालू केली, पेटती उदबत्ती बेसिनखालच्या पाइपाच्या भोकाजवळ धरली तर तिचा धूर सरळ खोलीच्या आत वळला. वॉशिंग मशीनच्या पाइपाजवळही तसंच. शेवटी निघालं काय तर पहिल्या मजल्यावरचा भाडेकरू मुलगा बाथरूमच्या खिडकीत उभा राहून ओढायचा, कारण बायको गॅलरीत ओढू देत नव्हती. दोन मजले खाली! आणि शिव्या खात होते मधले काका.

म्हणून तुम्ही आधी ठरवा, तुमच्याकडे गॅलरीचा धूर आहे की डक्टचा, की दोन्ही. बेडरूमला लागून बाथरूम असेल तर डक्टची शंका आधी घ्या. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. डक्टच्या फटी बुजवता येतात, गॅलरीतला धूर मात्र भिंतीला घासत वर येतो आणि तुमच्या गॅलरीत घुसतोच, तिथे वेळ आणि जागा ठरवून घेणं यापलीकडे फार काही नाही.

आता पत्र. आमच्याकडे त्या ताईंनी दुसऱ्यांदा दिलं ते साधारण असं होतं, तुमच्याप्रमाणे बदला:

प्रति,
मा. सचिव, व्यवस्थापन समिती,
(सोसायटीचं पूर्ण नाव, पत्ता)

विषय: बी विंगच्या डक्टमधून सदनिकेत येणाऱ्या सिगारेटच्या धुराबाबत.

महोदय,
मी बी विंग, सदनिका क्र. ... ची सदस्य आहे. गेले काही आठवडे रात्री साधारण १०.३० ते ११.३० या वेळेत आमच्या बाथरूममध्ये व पॅसेजमध्ये सिगारेटचा धूर येतो. तारीख व वेळेची नोंद सोबत जोडली आहे. घरात दम्याचा त्रास असलेले मूल असून डॉक्टरांच्या प्रमाणपत्राची प्रत जोडत आहे. उपविधी क्र. ... नुसार इतर सदस्यांना त्रास होईल असे कृत्य सदनिकेत करता येत नाही. तरी समितीने पुढील गोष्टी कराव्यात ही विनंती:
१. प्लंबरसह डक्टची व आमच्या सदनिकेची पाहणी करून डक्टच्या बाजूच्या फटी बुजवाव्यात.
२. या डक्टला लागून असलेल्या सर्व सदनिकांना, कोणाचेही नाव न घेता, डक्टकडील खिडकीत धूम्रपान न करण्याबाबत लेखी सूचना द्यावी.
३. जिना, लिफ्टसमोरची जागा व पार्किंगमध्ये "धूम्रपान निषेध" असे फलक लावावेत.
४. ज्यांना ओढायचे आहे त्यांच्यासाठी आवारात खिडक्यांपासून लांब अशी एक जागा ठरवावी.
हा विषय येत्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा व झालेला निर्णय मला लेखी कळवावा.
आपली,
(नाव, सदनिका क्र., तारीख, सही)

चौथा मुद्दा बघून ताईंचे मिस्टर वैतागले होते, आपण त्यांची सोय कशाला करायची म्हणून. पण मीटिंगमध्ये सगळ्यात आधी पास झाला तो हाच, कारण कमिटीतले दोघं स्वतः ओढणारे, त्यांना पत्र आपल्या विरोधात वाटलंच नाही. तुमचा त्रास गॅलरीचा असेल तर पहिल्या मुद्द्याऐवजी लिहा की समितीने दोन्ही कुटुंबांना समोर बसवून वेळ ठरवून द्यावी, उदा. मूल झोपायच्या वेळेत त्या बाजूला ओढू नये, किंवा गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला ओढावं. थोटकं तुमच्या गॅलरीत किंवा वाळत घातलेल्या कपड्यांवर पडत असतील तर त्याचे फोटो जरूर जोडा, तिथे आगीचा मुद्दा येतो आणि ते कमिटी टाळू शकत नाही. शेजाऱ्याचे त्याच्या घरातले व्हिडिओ मात्र काढू नका, तक्रार उलट तुमच्यावरच येईल. आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर आधी टाकू नका, तिथे एकदा नाव निघालं की माणूस हट्टाला पेटतो.

पत्राच्या दोन प्रती काढा. एक ऑफिसात द्या, दुसरीवर इनवर्ड नंबर, तारीख, शिक्का घ्या. घेत नसतील तर पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा. उपविधींप्रमाणे कमिटीने तक्रारीवर पुढच्या सभेत निर्णय घ्यायचा आणि त्यानंतर १५ दिवसांत कळवायचं असतं, म्हणून ती शिक्क्याची तारीख महत्त्वाची. तुम्ही भाड्याने राहत असाल तर पत्र घरमालकाच्या सहीने द्या, कारण सोसायटीचा सदस्य तो आहे, भाडेकरूचं पत्र बाजूला ठेवायला कमिटीला निमित्तच मिळतं. उलट बाजूने, ओढणारा भाडेकरू असेल तर सूचना त्याच्या मालकालाही जाऊ दे, आमच्याकडे मालकाच्या एका फोनने जे झालं ते नोटिशीने झालं नसतं.

कमिटी गप्प बसली तर पुढे काय, हेही विचाराल. उपनिबंधकांकडे जाता येतं ते कमिटी तक्रारीची दखलच घेत नाही म्हणून, दोन शेजाऱ्यांच्या भांडणात ते सहसा पडत नाहीत. पोलिसांत सार्वजनिक उपद्रवाचं कलम आहे (भारतीय न्याय संहितेचं २७०, शिक्षा २९२ मध्ये, दंड १००० रुपयांपर्यंत) पण एका घराला होणारा त्रास "सार्वजनिक" म्हणून पटवणं अवघड. दिवाणी कोर्टात मनाई हुकूम मागता येतो, त्याला वेळ आणि पैसा दोन्ही लागतो. म्हणून कमिटीच्या पातळीवरच जमेल तेवढं पदरात पाडून घ्या, आणि वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत असते, तिच्या आधी हा विषय अजेंड्यावर घ्यायचं वेगळं पत्र द्या.

तोवर घरच्या घरी: बेसिनखाली आणि कमोडमागे पाइपाभोवतीच्या फटी पांढऱ्या सिमेंटने किंवा सिलिकॉनने बुजवा, कमी वापरातल्या नहाणी ट्रॅपमध्ये आठवड्यातून तांब्याभर पाणी ओता (आतलं पाणी सुकलं की पाइपातली हवा वर येते), बाथरूमच्या एक्झॉस्टला आपोआप बंद होणाऱ्या पट्ट्यांचं शटर बसवा, आणि चिमणी लावताना हॉलची खिडकी थोडी उघडी ठेवा म्हणजे हवा डक्टमधून ओढली जाणार नाही. ताईंकडे याने वास बराच कमी झाला, पूर्ण गेला नाही. पूर्ण गेला तो त्या मुलाने बाथरूम सोडून मागच्या गेटजवळ ओढायला सुरुवात केल्यावर.